गणपती ते गणपती: एका वर्षाचे छापील पुस्तक

लग्नाचे अल्बम करणाऱ्या लॅबच्या काउंटरवर गेले की पहिला प्रश्न असतो, "साइज काय आणि शीट किती?" आपण ज्यांच्यासाठी हे करून घेतो आहोत त्या व्यक्तीबद्दल तिथे कोणी विचारत नाही, आणि ते साहजिकही आहे, कारण तो विचार घरून करून यायचा असतो. आमच्या बाबतीत ती व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत, रत्नागिरीजवळच्या गावात राहतात, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि दुपारचा वेळ त्या पडवीतल्या खुर्चीवर, मांडीवर काहीतरी घेऊन वाचण्यात घालवतात. त्यांची तीन मुले ठाणे, पुणे आणि डब्लिन अशी विखुरलेली आहेत. वर्षभराचे आम्हा सर्वांचे फोटो त्यांच्या फोनवर येत असतात आणि त्याच दिवशी सुप्रभाताच्या संदेशांखाली गाडले जातात. या फोटोंचे एक छापील पुस्तक करून गणपतीला त्यांच्या हातात द्यावे असे ठरले, आणि त्यानंतरचा प्रत्येक निर्णय, म्हणजे कागदापासून अक्षरांच्या आकारापर्यंत, त्या पडवीतल्या खुर्चीला विचारून घ्यावा लागला.

वर्ष कुठून कुठपर्यंत धरायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. जानेवारी ते डिसेंबर हे कॅलेंडरचे वर्ष आमच्या घरी कोणाच्याच मनात नसते. सगळे घर एकत्र येते ते गणपतीला. म्हणून 7 सप्टेंबर 2024 च्या चतुर्थीपासून 27 ऑगस्ट 2025 च्या चतुर्थीपर्यंतचे वर्ष धरले. तिथींच्या हिशेबाने हे वर्ष 354 दिवसांचेच भरते, पण खरी अडचण अकरा दिवसांची नव्हती. पुस्तक चतुर्थीला हातात हवे असेल तर चतुर्थीचे फोटो त्यात येऊ शकत नाहीत. मांडणी, लॅबला लागणारा वेळ, आणि ऐन श्रावणात घाटातून कोकणात पोहोचायचे पार्सल, हे सगळे मागे मोजत गेल्यावर आषाढी एकादशीपाशी, म्हणजे 6 जुलैपाशी, फोटो घेणे थांबवावे लागले. भेट म्हणून वर्षाचे पुस्तक करणाऱ्याने ही शेवटची तारीख आधी ठरवून सर्वांना कळवावी, नाहीतर नातेवाईक "हा एक राहिला" म्हणून शेवटच्या रात्रीपर्यंत फोटो पाठवत राहतात.

फोटो गोळा करताना आमची बहुतेक शक्ती एकाच गोष्टीवर खर्च झाली, आणि ती गोष्ट म्हणजे मूळ फाइल. आज कुटुंबाचे फोटो असतात ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात, आणि नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप आकसवते. 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो पलीकडे पोहोचतो तेव्हा लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलची उरते. फोनच्या पडद्यावर हा फरक कळत नाही. कागदावर मात्र कळतो, कारण चांगल्या छपाईसाठी इंचामागे 300 पिक्सेल धरतात आणि 200 च्या खाली जाणे टाळतात. साधा भागाकार करून पाहावा: 1600 ला 200 ने भागले की 8 इंच येतात. म्हणजे गटातून उचललेला फोटो आठ इंच रुंदीपर्यंत खपून जातो. त्याहून मोठा केला की केसांच्या बटा आणि साडीची वीण आधी जाते, आणि मग चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत दिसू लागतात. मूळ फाइल असेल तर तोच फोटो इंचामागे 300 च्या हिशेबानेही तेरा इंच भरतो.

म्हणून गटात फोटो टाकण्याऐवजी ड्राइव्हवर एक फोल्डर करून प्रत्येकाने आपल्या फोनमधले मूळ फोटो त्यात चढवावेत, असे ठरले. ज्यांना ते जमत नव्हते त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. तसे पाठवले की फाइल जशीच्या तशी येते. डब्लिनहून आलेले आयफोनचे फोटो `.HEIC` स्वरूपात होते, ते लॅबच्या संगणकावर उघडत नसल्याने आधी `.JPG` करून घ्यावे लागले. यात आणखी एक फायदा असतो, जो नंतर लक्षात येतो. मूळ फाइलमध्ये फोटो कधी काढला याची नोंद असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारख्या आलेल्या फोटोत ती उरत नाही, फक्त `IMG-20250112-WA0007.jpg` असे नाव उरते, आणि नावातली ती तारीख पाठवल्याची असते. दिवाळीचा फोटो कोणी संक्रांतीच्या सुमारास पुढे ढकलला, तर तारखेप्रमाणे लावताना आकाशकंदील तिळगुळाच्या शेजारी येऊन बसतो. आमच्या पुतणीने टाकलेल्या पहिल्या पावलाचा फोटो मात्र मूळ स्वरूपात मिळालाच नाही, कारण तो ज्या फोनने काढला तो फोन मधल्या काळात बदलला गेला होता. तेव्हा त्याची मिळालेली प्रत सहा इंचांत ठेवली आणि भोवती भरपूर पांढरी जागा सोडली. कमी पिक्सेलच्या फोटोवर हाच उपाय आहे. तो पान भरून ताणण्याचा मोह होतो, पण लहान आणि मोकळ्या जागेत बसवलेला फोटो मुद्दाम तसा ठेवल्यासारखा दिसतो.

जमले ते फोटो हजारांच्या घरात होते आणि पुस्तकात शंभराच्या आत बसणार होते. निवडीचा नियम मी एकच ठेवला: आईंनी जे स्वतः पाहिले आहे त्याला कमी जागा, आणि जे त्यांनी पाहिलेले नाही त्याला जास्त. गणपतीची आरास त्यांच्या डोळ्यांसमोरच होते. पण पुण्यातल्या नातवाची शाळेत जायची रिक्षा, ठाण्याच्या आमच्या खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी, डब्लिनमध्ये दुपारी साडेचारला होणारा अंधार आणि त्या अंधारात लावलेल्या पणत्या, या गोष्टी त्यांनी फक्त फोनवर ऐकलेल्या आहेत. सणांचे फोटो भरमसाट असतात आणि एकसारखे असतात, तर असे फोटो मुळात थोडेच असतात, म्हणून ते शोधून काढावे लागतात. आणखी एक उणीव अशा वर्षभराच्या संग्रहात हमखास असते. जिच्यासाठी पुस्तक करायचे तीच त्यात दिसत नाही, कारण फोटो काढायच्या वेळी ती स्वयंपाकघरात असते. आईंचे स्वतःचे जे फोटो मिळाले त्यात मेच्या सुट्टीतला एक होता. पाटावर बसून, हाताला तेल लावून त्या फणस फोडत आहेत, विळीच्या पात्याला चीक लागला आहे, आणि तीन नातवंडे गऱ्यांची वाट पाहत ओणवी झाली आहेत. कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. त्या एका फोटोला संपूर्ण पान दिले.

आता कागद. बाजारात या कामाचे दोन मार्ग आहेत आणि दुकानदार दोहोंना कधी अल्बम म्हणतो, कधी फोटोबुक, त्यामुळे नावावर न जाता छपाई कशावर होते ते विचारावे. पहिला मार्ग लग्नाच्या करिझ्मा अल्बमचा. यात फोटोच्याच कागदावर, म्हणजे चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या कागदावर, लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने चित्र उमटवतात आणि मग तो रसायनांतून काढतात. जुन्या स्टुडिओतल्या रंगीत फोटोची हीच पद्धत, फक्त निगेटिव्हच्या जागी संगणक आला आहे. शीट मधोमध दुमडून पाठीला पाठ चिकटवतात, त्यामुळे पुस्तक पूर्ण सपाट उघडते आणि मधला भाग शिवणीत जात नाही. दुसरा मार्ग डिजिटल प्रेसचा. इस्रायलमधल्या इंडिगो कंपनीने 1993 मध्ये अशी शाईची डिजिटल यंत्रे बाजारात आणली, पुढे 2002 मध्ये ती कंपनी एचपीकडे गेली, आणि आज ऑनलाइन फोटोबुक छापून देणाऱ्या अनेक सेवा या प्रकारच्या यंत्रांवर चालतात. यात कागदावर चार रंगांच्या शाईचे बारीक ठिपके पडतात. हातातला नमुना कोणत्या प्रकारचा आहे हे घड्याळजीच्या भिंगातून लगेच कळते: शाईच्या छपाईत गालावर ठिपके दिसतात, फोटो-कागदावर ते दिसत नाहीत.

दोन्हींत डावे-उजवे आहे. प्रेसचे पुस्तक हलके असते, पाने पातळ असल्याने जास्त बसतात, आणि बारीक मजकूर अधिक रेखीव उमटतो. त्याचा तोटा रंगांत आहे. झेंडूचा भगवा, मोरपिशी निळा, कोवळ्या भाताचा हिरवा, असे कडक रंग नेहमीच्या चार शायांच्या आवाक्यात पूर्ण बसत नाहीत आणि पडद्याच्या मानाने थोडे मातकट होतात. आमच्याकडे तोरणे, पैठण्या आणि लावणीचे शेत यांची रेलचेल असल्याने हा तोटा मोठा होता. फोटो-कागद हे रंग बरे धरतो आणि त्वचेच्या छटाही मऊ देतो, पण त्याचा अल्बम वजनदार होतो आणि कोकणात त्याचा आणखी एक शत्रू आहे तो म्हणजे दमट हवा. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो, आणि दोन चकचकीत पाने महिनोन्‌महिने एकमेकांवर दाबून राहिली तर ती चिकटू शकतात. सासरच्या कपाटात चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकचा पडदा असलेले जुने अल्बम आहेत, त्यांतले निम्मे फोटो आता पिवळ्या पडलेल्या डिंकासकटच बाहेर येतील.

शेवटी फोटो-कागद घेतला, पण तीन अटींवर. पृष्ठभागावर मॅट लॅमिनेशन हवे, कारण त्याने थर झाकला जातो, ओल्या बोटांचे ठसे पुसता येतात, आणि मुख्य म्हणजे पडवीतल्या उजेडाची चमक डोळ्यांवर येत नाही; मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईंना चकचकीत कागदाचा त्रास होतो. दुसरी अट आकाराची. लग्नाचा अल्बम 12 बाय 36 इंचांच्या शीटचा असतो, तो टेबलावर ठेवून दोघांनी उलटायचा असतो. आम्ही 10 बाय 10 इंचांचे पान, म्हणजे उघडल्यावर 10 बाय 20, आणि 15 शीट एवढेच ठेवले. तिसरी अट, शीटच्या मध्ये कडकपणासाठी जो पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा घालतात तो सर्वांत पातळ हवा. लॅबवाल्याने "मग भारदस्त वाटणार नाही हो" अशी नाराजी व्यक्त केली, आणि त्याच्या दृष्टीने ती रास्त होती, पण मांडीवर घ्यायच्या पुस्तकाला भारदस्तपणा नकोच असतो. पेटी, मखमल, मुखपृष्ठावरचा काचेसारखा तुकडा, या गोष्टींना नकार देऊन साध्या कापडी बांधणीवर विषय मिटवला.

मांडणीच्या अ‍ॅपमध्ये सर्व फोटो आपोआप भरून देणारे एक बटण असते. ते वेळ वाचवते, पण फोनचा फोटो 4:3 प्रमाणाचा आणि चौकट चौरस असेल तर ते मधला भाग ठेवून बाजू कापते, आणि कापले जाते ते नेमके टोकाला उभे असलेल्या आत्याचे डोके. आमची पाने पुण्याच्या भाच्याने हाताने लावली. एका जोडपानाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, 1 नोव्हेंबरला, पडवीच्या पायऱ्यांवर अकरा जण ओळीने बसले आहेत असा फोटो होता. तो पूर्ण 20 इंचांवर पसरायचा, तर 4000 पिक्सेल भागिले 20, म्हणजे इंचामागे 200, तेवढे चालते. अडचण घडीची होती. सपाट उघडणाऱ्या अल्बममध्येही मधोमध दुमड असतेच, आणि अकरा माणसे समान अंतरावर बसली की सहावा माणूस बरोबर दुमडीवर येतो. सहावे आमचे भावोजी होते. फोटो डावीकडे सरकवला असता तर उजवीकडे पट्टा रिकामा राहिला असता, म्हणून भाच्याने फोटो थोडा मोठा करून डाव्या टोकाच्या तुळशीवृंदावनाचा निम्मा भाग बाहेर जाऊ दिला. त्यामुळे सगळी ओळ इंचभर सरकली आणि दुमड भावोजी आणि काकू यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून गेली. माणसे समसंख्येने बसली असती तर हा खटाटोप वाचला असता. शिवाय पुस्तकाच्या बाहेरच्या तिन्ही कडा बांधणीनंतर कापल्या जातात, त्यात तीन-चार मिलिमीटर जातात, म्हणून पानभर फोटो कडेच्या बाहेर तेवढा वाढवून ठेवायचा आणि मजकूर कडेपासून किमान अर्धा इंच आत घ्यायचा.

मजकूर मराठीतच हवा होता, आणि ऑनलाइन सेवांची पंचाईत इथे होते. त्यांच्या देखण्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी नसते. मग कुठे चौकोन येतात, कुठे जोडाक्षरे सुटून हलन्त दिसतात, कुठे वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे पाने आपल्याच संगणकावर पूर्ण करून प्रत्येक जोडपान एकेक चित्र म्हणून द्यायचे. 10 बाय 20 इंचांचे जोडपान म्हणजे 3000 बाय 6000 पिक्सेलचे चित्र, अधिक कडेची कापणी. त्यातली अक्षरे चित्राचाच भाग होतात आणि कोणाच्या फॉन्टवर अवलंबून राहत नाहीत. अक्षरांचा आकार 18 पॉइंट ठेवला, जो पडद्यावर बटबटीत वाटतो आणि पडवीत योग्य वाटतो. मथळ्यांत "दिवाळी 2024" असे न लिहिता कोण, कुठे आणि काय करत होते ते एका वाक्यात लिहिले, कारण दिवाळी आहे हे पणत्यांवरून कोणालाही कळते. कंदील कोणी केला ते कळत नाही.

रंगांची परीक्षा पुस्तक छापण्यापूर्वी करायची असते, आणि ती स्वस्तात होते. फोनचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद फक्त अंगावर पडलेला प्रकाश परत देतो. त्यामुळे पडद्यावर ठीक दिसणारा संध्याकाळचा फोटो कागदावर गडद येतो. प्रकाश निम्म्यावर आणून फोटो पाहिले तर अंदाज लागतो, पण अंदाजावर पंधरा शीट सोडणे बरे नव्हे. त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर तीन फोटो 4 बाय 6 मध्ये काढून घेतले: आरतीचा, तोरणाचा आणि उन्हातल्या चेहऱ्याचा. तोरण आणि चेहरा उत्तम आले. आरतीत मात्र निरांजनाच्या मागचे चेहरे काळोखात गेले होते, आणि गंमत म्हणजे त्याच फोटोची दुसरी प्रत अगदी उजळ, पण पिठूळ आली होती. निरांजनाचा पिवळा उजेड ट्यूबलाइटसारखा पांढरा झाला होता. विचारल्यावर कळले की पहिली प्रत जशी होती तशी काढली होती आणि दुसरीवर यंत्राने आपोआप दुरुस्ती केली होती. यंत्राला संध्याकाळ ही चूक वाटते. म्हणून आपोआप दुरुस्ती बंद ठेवायला सांगितले, आणि आरतीसारख्या फोटोंतल्या सावल्याच तेवढ्या घरी उजळ केल्या, पिवळेपणाला हात लावला नाही. ऑर्डरच्या कागदावर "करेक्शन नको" असे ठळक लिहून घ्यावे, कारण काउंटरवरचा माणूस आणि यंत्रावरचा माणूस वेगळे असतात.

पुस्तक आल्यावर मी आधी पानांचा क्रम पाहिला, मग प्रत्येक दुमडीवर बोट फिरवून लॅमिनेशन कुठे फुगले आहे का ते पाहिले, आणि पाने उजेडात तिरकी धरून सुरुवातीच्या व शेवटच्या शीटमध्ये रंगाचा फरक आहे का ते तपासले. एका शीटच्या कोपऱ्यात बुडबुडा होता, ते शीट लॅबने कुरकुर न करता बदलून दिले. ताब्यात घेताना दाखवले म्हणून, महिन्याने दाखवले असते तर दमट हवेचे नाव पुढे आले असते. शेवटचे जोडपान आम्ही कोरे ठेवले होते, यंदाच्या चतुर्थीचा फोटो त्यात लावण्यासाठी. लॅमिनेशनवर पेन नीट उमटत नाही आणि डिंक तर लावूच नये, म्हणून कागदी कोपऱ्यांत फोटो अडकवण्याची सोय केली.

आईंनी पुस्तक पहिल्यांदा उलटे, म्हणजे शेवटच्या पानाकडून, पाहिले आणि फणसाच्या पानाशी थांबून भाच्याला विचारले, "कापा लिहिलं आहेस, हा बरका आहे, दिसत नाही का?" मथळा चित्राचाच भाग असल्याने तो आता त्या प्रतीत बदलणार नाही. पण त्याच आठवड्यात नणंद आणि भावोजी या दोघांनीही आपल्यासाठी एकेक प्रत मागितली, आणि मांडणीचा खर्च एकदाच होत असल्याने पुढच्या प्रतींना फक्त छपाई आणि बांधणीचे पैसे पडले. लॅब पानांच्या फाइली कायम सांभाळून ठेवत नाहीत, म्हणून सर्व पाने आमच्याकडे `01.jpg` पासून `15.jpg` पर्यंत क्रमाने ठेवलेली होती. भाच्याने त्यातले एकच पान उघडून कापाचा बरका केला आणि दोन प्रती छापायला पाठवल्या.